आंब्याची फळी

बाकडं मोडलं तेव्हा त्यावर कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब. सूनबाईने पिळलेल्या कपड्यांची बादली त्यावर टेकवली आणि मागचा पाय न कुरकुरता खचला. बाहेरचा हिरवा रंग जिथल्या तिथे शाबूत, आणि आत लाकडाऐवजी माती. वाळवीने पायातलं होतं नव्हतं ते खाऊन रंगाचं कातडं तेवढं मागे ठेवलं होतं. बादली कलंडली, कपडे चिखलात गेले आणि सूनबाई थोडा वेळ नुसती उभी राहिली. रडावं की कपडे परत धुवावेत हे ठरवण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं. मग तिने कपडे परत धुतले.

"खोक्याचं लाकूड!" खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला. "तुझ्या नवऱ्याने आणलं त्याच दिवशी म्हटलं होतं मी. रंग लावला म्हणून खोक्याचा साग होत नाही."

"हो बाबा."

"बादलीवर निभावलं. मी बसलो असतो म्हणजे?"

"हो बाबा."

हे 'हो बाबा' सूनबाईला इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतसुद्धा ती तेच म्हणत असावी. सासरे लाकडाच्या गिरणीत उभा जन्म काढलेले. गिरणीत आलेला प्रत्येक ओंडका कापला गेला की त्याची प्रत ठरवायची, उत्तम कुठलं, मध्यम कुठलं आणि जळणाला कुठलं, हे त्यांचं काम. फळी हातात घेऊन कडेला अंगठ्याचं नख रोवायचे आणि निकाल द्यायचे, म्हणून सगळे त्यांना नखवाले म्हणत. सून घरात आली तेव्हा तिच्या स्वयंपाकालाही त्यांनी तसंच नख लावून पाहिलं होतं. मध्यम, असा निकाल लागला होता आणि आजवर बदलला नव्हता.

गिरणीतली शेवटची वर्षं त्यांना हौदावर ठेवलं होतं. हलकं लाकूड टिकावं म्हणून औषधाच्या हौदात बुडवून काढायचं. आता छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची, दोन खोल्या ओलांडल्या की पंप तोंडाला लावावा लागायचा आणि नाकाला वास म्हणून येत नव्हता. डॉक्टर म्हणत, भुशाची धूळ. नखवाले म्हणत, हौद. कुणाचं खरं कुणास ठाऊक, पण रंगाचा नाहीतर औषधाचा डबा घरात उघडला की त्यांचा दम उखडायचा आणि मग सूनबाईची रात्र पाठ चोळण्यात जायची.

मागच्या अंगणातलं ते बाकडं हीच त्यांची मोकळी जागा होती. खोलीत त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. सकाळचं ऊन आलं की सूनबाई त्यांना हाताला धरून बाहेर नेऊन बसवायची, आणि ते बाहेर असले की तिला शिवणाच्या मशीनवर दोन तास सलग मिळायचे. लोकांच्या पँटी आखूड करणं आणि ब्लाऊज सैल करणं यावर घराचा वरखर्च भागायचा. आता बाकडं गेलं तसे ते दोन तासही गेले. खोलीतून दर पाच मिनिटांनी हाक यायची, "सूनबाई, ती खिडकी उघड", आणि पुढच्या पाच मिनिटांनी, "सूनबाई, वारा फार येतोय."

नवरा दूरच्या शहरात कामाला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "प्लास्टिकची खुर्ची आण की. एवढं काय त्यात?"

"त्यांना विचारलं. म्हणाले, मी काय सभेला आलोय?"

"मग लोखंडी बाक आण."

"उन्हात तापतो, थंडीत गारठतो. तुम्ही या आणि बसून दाखवा."

नवरा हसला आणि तिचा संताप झाला. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! पण पुढे तो आवाज बारीक करून म्हणाला, "डॉक्टरांचं बाबांना काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी तिला एकटीला दाराबाहेर थांबवून सांगितलं होतं: फार तर दोन वर्षं, काळजी घेतली तर. नवऱ्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबांना नको सांगूस. म्हणजे ते ओझंही तिनेच पोटात ठेवायचं. ते तिने ठेवलं. त्यांना जेवायला वाढताना, पंप धुताना, त्यांची चिडचिड ऐकताना ते पोटात तसंच जड पडून असायचं.

नव्या बाकड्याचं लाकूड बघायला वखारीत जायच्या आधी नखवाल्यांनी तिला दहा सूचना दिल्या आणि वर बजावलं, "नमुना मला दाखवल्याशिवाय करवत चालवायची नाही. त्या माणसाला म्हणावं, नखवाल्यांच्या घरचं काम आहे."

वखारवाला ढेरपोट्या आणि मनाने सरळ होता. धंदा अलीकडचा, नखवाल्यांना फक्त ऐकून ओळखत होता. त्याने तिला ओंडक्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही, बसली तर उठवणार नाही हे तिला माहीत होतं.

"बाकडं उघड्यावर ठेवणार?"

"हो. ऊन, पाऊस, सगळं."

"जमिनीत वाळवी?"

"आधीचं तिनेच खाल्लं."

"मग सोपं आहे. हे बघा, औषध पाजलेलं." त्याने हिरवट झाक असलेल्या फळ्यांची चळत दाखवली. "पावसाची भीती नाही, वाळवीची नाही."

"नको. औषधाचं काही नको. घरात छातीचा आजार आहे."

"असं होय." त्याने कान खाजवला. "बिनऔषधाचं म्हटलं की लाकडाचा स्वतःचा दम बघावा लागतो, ताई. झाडाच्या मधला गडद गाभा असतो ना, त्यात झाडाने स्वतःच औषध भरून ठेवलेलं असतं. वाळवी त्याला तोंड लावत नाही. सागाचा गाभा, फणसाचा गाभा. पण गाभा महाग पडतो. तेव्हा आधी मला सांगा, किती वर्षं टिकायला हवं?"

साधा प्रश्न होता. शिंपी विचारतो ना, लांबी किती ठेवू, तसा. सूनबाई मनात हिशोब करू लागली. वीस म्हणावं, तर कुणासाठी? म्हाताऱ्याला उन्हात बसवायला बाकडं. त्यांच्यानंतर त्या अंगणात बसायला कुणाला सवड होती?

"दोनेक वर्षं," ती म्हणाली. "तेवढी खूप झाली."

शब्द तोंडातून गेला आणि तिला एकदम हलकं वाटलं. महिनाभर जे कुणाशी बोलली नव्हती ते या अनोळखी ढेरपोट्यापाशी बोलून झालं होतं, आणि त्याला कळलंही नव्हतं. पाठोपाठ तिला स्वतःची शरम वाटली.

"दोनच? मग सागाच्या नादी कशाला लागता!" वखारवाला खूश झाला. "आंबा घ्या. वाळवीला आवडतो तो, खोटं कशाला बोलू. पण पाय विटांवर ठेवा, पाणी साचू देऊ नका, दोन वर्षं रडतखडत काढेल. ही घ्या फळी नमुन्याला."

फळी पिशवीत घालून ती घरी आली. वाटेत तिने ठरवलं होतं, कुठलं लाकूड म्हणून विचारलं तर सांगायचं, नाव विसरले. नखवाल्यांपुढे लाकडाचं नाव विसरून चालेल असं तिला वाटलं, यावरूनच ती किती दमली होती ते कळावं.

त्यांनी विचारलंच नाही. फळी हातात घेतली, तोलली. अंगठ्याचं नख कडेला रोवलं, ते सहज आत गेलं. मग फळीचं टोक उजेडाकडे धरून, थुंकीचं बोट लावून, बराच वेळ पाहत राहिले.

"आंबा," ते म्हणाले.

"स्वस्त होता म्हणून..."

"स्वस्त म्हणाली असतीस तर त्याने निलगिरी दाखवली असती. तडकते, वाकते, पण याच्यापेक्षा जास्त उभी राहते." त्यांनी फळी मांडीवर ठेवली. "त्याने विचारलं असेल, किती वर्षं टिकायला हवं. आमच्या धंद्यात हे पहिलं विचारतात, त्याशिवाय फळीला हात लावत नाहीत. उघड्यावरच्या बाकड्याला, वाळवीच्या जमिनीत, बिनऔषधाचा आंबा एकाच उत्तराला काढून देतात."

सूनबाई उभीच होती. हातात रिकामी पिशवी होती. तिची घडी घालावी असं तिला वाटलं आणि ती घडी घालत राहिली.

"तू काय सांगितलंस त्याला?"

खोटं बोलायला हवं होतं. एक धड खोटं तिला त्या घडीला सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डोकंच चालेना.

"डॉक्टर तुझ्याशी दाराबाहेर बोलत होता," नखवाले म्हणाले. "औषधांची नावं सांगायला इतका वेळ लागत नाही, हे मला तेव्हाच वाटलं होतं. दोन?"

तिने होकाराची मान हलवली.

"बरी आहेत की," ते म्हणाले, आणि फळी तिच्या हातात परत दिली. "ही चुलीत घाल. म्हणजे गॅस आहे नाही का. ठेव मग कुठेतरी."

त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती. नखवाले जेवणाला नावं ठेवेनात. आमटी खारट झाली होती, तिला स्वतःला घास उतरेना, आणि त्यांनी ती मुकाट्याने संपवली. सूनबाईला घाबरायला तेवढं पुरलं. तिने नवऱ्याला फोन केला नाही. काय सांगणार होती? की तुझ्या बाबांना मी सांगितलं नाही, आंब्याच्या फळीने सांगितलं? रात्री पडल्या पडल्या तिला ते 'तेवढी खूप झाली' परत परत ऐकू यायचं. डॉक्टरांनी दोन म्हटलं होतं. 'खूप झाली' हे तिचं स्वतःचं होतं. आणि दमलेल्या जिवाच्या तळाशी ते खरंही होतं, हेच तिला खुपत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नखवाले स्वच्छ सदरा घालून दारात उभे. "रिक्षा बोलाव. वखारीत जायचंय."

"बाबा, तिथे धूळ असते."

"धूळ मला नवीन नाही. नाकावर रुमाल बांधतो. चल."

वखारीत शिरल्यावर त्यांच्यात कुठून बळ आलं कोण जाणे. वखारवाला लगबगीने पुढे आला, खुर्ची पुसून दिली. नखवाले बसले नाहीत. औषध पाजलेल्या हिरवट फळ्यांच्या चळतीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि लांबून वळसा घेतला. वखारवाल्याने सागाच्या नव्या फळ्या पुढे केल्या. नखवाल्यांनी एकीची कड उलटी करून त्याच्या नाकासमोर धरली.

"हे पांढरं काय आहे?"

"साग आहे, काका. अस्सल."

"साग आहेच. कोवळ्या झाडाचा, आणि अर्धी फळी सालीजवळची. वाळवीला नाव वाचता येत नाही बाबा, सागाचं पांढरंसुद्धा ती पोळीसारखं खाते. दुसरं काढ. जुनं काय आहे?"

मागच्या बाजूला पाडलेल्या गोदामाच्या तुळया रचल्या होत्या. काळवंडलेल्या, खिळ्यांची भोकं पडलेल्या. नखवाले पहिल्या तुळईपाशी थांबले, पंप तोंडाला लावला, दम घेतला. मग म्हणाले, "सूनबाई, इकडे ये. माझं नाक गेलंय. तू वास घे."

तिला हसू आलं. तरी ती वाकली. "डांबरासारखा येतो."

"मग ही बाद. कुणीतरी चोपडून ठेवलीय. ती दुसरी बघ. थांब, आधी तासून घे." वखारीतल्या सुताराने कोपऱ्यावर रंधा मारला. वरचा काळपट थर गेला आणि खालून तपकिरी-सोनेरी लाकूड निघालं.

सूनबाईने वास घेतला. "जुन्या चामड्यासारखा. थोडा तेलकट."

नखवाल्यांनी नख रोवलं. नख गेलं नाही. बोटाने पाण्याचा थेंब ठेवला, तो तसाच गोल बसून राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"उत्तम," ते म्हणाले. हा शब्द सूनबाईने त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. लाकडाला का होईना, ऐकला.

मग त्यांनी सुताराला घोळवून घोळवून सांगितलं. तुळईच्या कडेला राहिलेलं पांढरं सगळं तासून काढ. बसायच्या पट्ट्यांत बोटभर फट ठेव, पाणी खाली गेलं पाहिजे. स्क्रू पितळी, लोखंडी नको, सागात गंजून काळे ओघळ येतात. पाय दगडावर उभे कर. "वाळवी मातीतून वर येते. दगडावरून चढायला तिला मातीची नळी बांधावी लागते. ती दिसली की झाडूने उडवायची. औषध कशाला लागतंय! आणि लाकूड पावसात राखाडी पडेल, पडू दे. रंग लावायचा नाही."

"सूनबाई," ते मध्येच म्हणाले, "त्या ओंडक्यावर बस जरा. तोंड बघ तुझं."

ती बसली. सुतार टेप घेऊन तिच्या पायाशी वाकला, ओंडका मोजत असेल असं तिला वाटलं. तिचे डोळे मिटत होते.

"आणि किती वर्षं..." वखारवाल्याने सवयीने सुरुवात केली.

"सूनबाई, तू जाऊन रिक्षा थांबव," नखवाले म्हणाले. "जा. मी येतो."

ती उठली. दाराशी पोचेपर्यंत मागे ते काहीतरी बोलले आणि वखारवाला "बरं काका" म्हणाला, एवढंच तिला ऐकू आलं.

बाकडं आलं त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सुताराने अंगणात चार सपाट दगड बसवले, त्यावर बाकडं ठेवलं, हलवून पाहिलं आणि गेला. सूनबाईने नखवाल्यांना हाताला धरून नेलं. ते बसले आणि त्यांचे गुडघे छातीशी आले. उंच, लांब ढांगांचा माणूस, त्या ठेंगण्या बाकड्यावर असा बसला होता की बालवाडीत पोराला सोडायला आलेला आजोबाच जणू.

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी पायपीट, इतकी घासाघीस, आणि शेवटी हे! "बाबा, उठा. त्या सुताराने माप चुकवलंय. आत्ता फोन करते वखारवाल्याला. चांगली हजेरी घेते त्याची."

"काही चुकवलेलं नाही. ठीक आहे."

"ठीक काय? गुडघे बघा तुमचे!"

"मला थोडेच दिवस बसायचंय. बस तू."

"मला वेळ नाही. दूध ठेवलंय गॅसवर. मशीनवर काम पडलंय."

"बस गं पोरी जरा."

त्यांनी तिला आजवर पोरी म्हटलं नव्हतं. ती कडेला टेकली, मग नीट मागे सरकून बसली. तिचे दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. पाठीची पट्टी नेमकी कमरेत आली, मशीनवर वाकून वाकून जिथे रोज ठणकायचं तिथे. घरातली एकही खुर्ची तिला अशी बसत नव्हती. प्रत्येक खुर्चीवर तिचे पाय लोंबकळायचे. कुणाला ते कधी दिसलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिला ओंडका आठवला. सुताराचा टेप आठवला.

"बाबा," ती जरा वेळाने म्हणाली, "वखारवाल्याला किती वर्षं सांगितलीत?"

"वीस."

"वीस?"

"दोन माझी," नखवाले म्हणाले. ते समोर पाहत होते आणि हात पट्टीवरून फिरवत होते. "बाकीची तुझी. तो आंबा बघितला आणि मी म्हटलं, ही पोर स्वतःला गणतीतच धरत नाही. मी गेल्यावर ही बसणार कुठे?"

सूनबाईला रडू आलं. तिने ते आवरलं नाही. महिनाभराचं, आणि त्याच्याही आधीचं, सगळं बाहेर आलं. 'तेवढी खूप झाली' म्हणाल्याबद्दल माफी मागावी असं तिच्या मनात होतं. पण त्यांनी ती ऐकायची वाट पाहिली नाही. ते गुडघे छातीशी घेऊन, धापा टाकत, ऊन खात बसले होते.

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. तो तिला आला, त्यांना आला नाही. ती उठली नाही.